सणाच्या ऑफरचा मेल: सगळ्यांना एकच, की जुनी खरेदी बघून वेगळा?

चौकटीची_वही
पेन, शाई आणि वह्या ऑनलाइन विकते. यादीत ६,२०० पत्ते आहेत, दोन वर्षांच्या ऑर्डरी हाताशी आहेत. सणाच्या ऑफरचा मेल आजवर सगळ्यांना एकच गेला. या वेळी कोणी काय घेतलं होतं ते बघून गट पाडावेत आणि मजकूर वेगवेगळा लिहावा असं मनात आहे. खरंच फरक पडतो की नुसता उपद्व्याप?

एकटाच_हमाल
उपद्व्याप. दोन सण करून बघितलं आणि सोडून दिलं. चार गट म्हणजे चार मजकूर, चार सब्जेक्ट, चार कूपन, तेही ऐन गर्दीच्या आठवड्यात. एका गटाला दुसऱ्याचं कूपन गेलं आणि अख्खा दिवस माफीचे मेल लिहिण्यात गेला.

आणि मूळ गोम वेगळीच आहे. वर्षभर माणूस स्वतःसाठी घेतो, सणाला दुसऱ्यासाठी. वर्षभर काळी शाई नेणारा माणूस सणाला भाचीसाठी रंगीत वह्या बघायला येतो, आणि तुम्ही त्याच्यापुढे परत शाईच ठेवता. सगळ्यांना सगळं दाखवा, ज्याचं तो निवडेल.

जुनी_यादी
हमाल, गोम बरोबर पकडलीत, पण मी त्यातून उलटं शिकलो. कोणी काय घेतलं यापेक्षा कुणासाठी घेतलं, हे ऑर्डरीत शोधायचं. गेल्या सणाच्या चार-पाच आठवड्यांतल्या ऑर्डरी वेगळ्या काढा. पैसे भरणाऱ्याचं नाव आणि पार्सल घेणाऱ्याचं नाव वेगळं आहे का बघा. नावच बघा, पत्ता नको. बरेच जण स्वतःची वस्तू ऑफिसात मागवतात आणि फुकट भेटवाले ठरतात. भेटीचं वेष्टन, सोबतची चिठ्ठी, पेनवर कोरलेलं नाव, यातलं काही असलं तर तो भेटवाला.

दुसरा गट शाईवाल्यांचा, म्हणजे ज्यांनी शाई दोनदा तरी मागवली ते. एकदाच घेणाऱ्याला मी धरत नाही, त्याला कदाचित आवडलीच नसेल. तिसरे, गेल्या १४ दिवसांत पूर्ण किमतीत काही घेतलेले. त्यांना ऑफर पाठवलीत की "मग माझे वरचे पैसे परत द्या" हे उत्तर ठरलेलं. त्यांना थांबवा. उरलेले सगळे एका पोत्यात.

एक माणूस दोन गटांत बसतोच, आणि क्रम ठरवला नाही तर त्याला दोन मेल जातात. मी शीटमध्येच ठरवून टाकतो. B मध्ये शेवटच्या ऑर्डरीला किती दिवस झाले, C मध्ये भेटीच्या ऑर्डरी, D मध्ये शाईच्या:

```
=IF(B2<=14,"थांबा",IF(C2>0,"भेट",IF(D2>=2,"शाई","बाकी")))
```

जी अट आधी लागेल तिथे माणूस थांबतो, पुढच्या गटात जात नाही.

सुट्टीचा_वार
फरक पडतो, डोळे झाकून करा! आम्ही गट पाडले आणि ओपन रेट ३१ वरून ४४ टक्क्यांवर गेला. आकडे खोटं बोलत नाहीत.

आकडेमोड
हा आकडा बोलतो थोडं खोटं. २०२१ मध्ये अ‍ॅपलने मेल अ‍ॅपमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, तेव्हापासून ती चालू असलेल्यांच्या मेलमधली चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. चित्र उतरलं की मेल उघडला असं धरलं जातं, म्हणून माणसाने मेल बघितला नसला तरी तुमच्याकडे उघडला म्हणून नोंद होते. तुमच्या कुठल्या गटात अ‍ॅपलवाले जास्त आहेत, त्यावर ती टक्केवारी हलते. ऑर्डरी मोजा.

पण ऑर्डरी मोजायच्या तर छोट्या गटात काही ठरवता येत नाही. ४०० जणांत एका मजकुराला ४ ऑर्डरी आल्या, दुसऱ्याला ७, हा नुसता योगायोग असू शकतो. २ टक्के आणि ३ टक्के यातला फरक खात्रीने दिसायला दोन्ही बाजूंना साधारण ३,८०० माणसं लागतात. प्रश्नकर्तीची अख्खी यादी ६,२०० ची. "गट पाडून फायदा झाला" हे तिला एका सणात सिद्ध होणार नाही. करावं की नाही, हा वेगळा प्रश्न.

कोरं_पान
मी गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगते. एकाला देण्यासाठी नाव कोरलेलं पेन घेतलं होतं. वर्षभरात ते नातं संपलं. सणाच्या तोंडावर दुकानाचा मेल आला, "गेल्या वर्षी तुम्ही अमुकसाठी पेन कोरून घेतलंत, यंदाही त्यांना खूश करा." नावासकट! तिथल्या तिथे अनसबस्क्राइब केलं. तुमच्याकडे माहिती आहे म्हणून ती तोंडावर म्हणून दाखवायची असं कुठे आहे?

जुनी_यादी
कोरं पान, शंभर टक्के. गट कोणता हे आपल्यापाशी राहू द्यावं, मजकुरात येऊ नये. भेटवाल्यांचा माझा सब्जेक्ट असतो, "नाव कोरून हवं असेल तर ऑर्डर २० तारखेच्या आत". कोणाला दिलं, काय दिलं, एक अक्षर नाही. भेट देणाऱ्याची धाकधूक वेळेत पोचेल का ही असते, सवलत नंतर. शाईवाल्याला लिहितो, "शाई तळाला गेली असेल तर दोन बाटल्यांवर घरपोच खर्च आमचा". तो एक बाटली तशीही नेणारच होता, त्याला सरसकट टक्के सोडून आपलाच खिसा फाटतो.

आणि हमाल, चार मेल लिहू नका. मेल एकच, सब्जेक्ट आणि वरचा एक परिच्छेद तेवढा बदलायचा. खाली सगळा माल तोच, म्हणजे तुमच्या भाचीच्या वह्याही दिसतात. कूपनही सगळ्यांना एकच ठेवता येतं, नुसते शब्द वेगळे.

एकटाच_हमाल
एकच कूपन म्हणता, आणि शाईवाल्याला घरपोच खर्च माफ? मग कूपनं दोन झालीच की. शिवाय भेटवाला आणि शाईवाला एका घरातले निघाले की "तुला हे, मला ते का?" सुरू. शब्द वेगळे ठेवा, चालेल. देणं वेगळं ठेवलंत तर फोन तुम्ही घ्या.

जुनी_यादी
धरलंत. मग घरपोच खर्च सगळ्यांनाच माफ, पण ठळक फक्त शाईवाल्यांच्या मेलमध्ये. बाकीच्यांना तो खालच्या ओळीत.

रिकामा_टॅब
गट पाडले की जीमेलच्या प्रमोशन्समधून मेन इनबॉक्समध्ये येता येतं ना? मला तेवढंच हवंय.

आकडेमोड
नाही. ऑफरचा मेल ऑफरचाच दिसतो, आणि इथे विचारलंय वेगळंच.

चौकटीची_वही
काल रात्री सूत्र लावून बघितलं. "थांबा" मध्ये १,९३० जण! आम्ही पंधरवड्यात एवढ्या ऑर्डरी कधीच केलेल्या नाहीत. मग लक्षात आलं, ज्यांनी नुसतं नाव नोंदवलं आणि कधी काहीच घेतलं नाही, त्यांचा B रिकामा आहे. रिकाम्या घराला शीट शून्य समजते आणि शून्य १४ पेक्षा कमी. मेल तसाच गेला असता तर १,७२० जणांना काहीच मिळालं नसतं. आता असं केलंय:

```
=IF(B2="","बाकी",IF(B2<=14,"थांबा",IF(C2>0,"भेट",IF(D2>=2,"शाई","बाकी"))))
```

थांबा २१०, भेट ७४०, शाई १,१५०, बाकी ४,१००. बेरीज जुळते.

जुनी_यादी
शाब्बास, ती माझी चूक. माझ्या यादीत ऑर्डर नसलेलं कोणी नसतं म्हणून कधी लागलं नाही. आता प्रत्येक गटातली पाच नावं उचलून त्यांच्या खऱ्या ऑर्डरी उघडून बघा. आणि B पाठवायच्या दिवशी सकाळी ताजा करा, आठवडाभर जुना राहिला तर काल घेतलेलाही ऑफरमध्ये सापडतो.

कोरं_पान
त्या २१० जणांना अगदीच काही नाही? नुकतेच येऊन गेले, सणाला दुसऱ्यासाठी घेणारच असतील.

एकटाच_हमाल
त्यांना ऑफरशिवाय नुसती तारीख कळवा.

जुनी_यादी
मी नाही कळवत. वेबसाइटवर आले की ऑफर दिसतेच, आणि मग फोन येतोच.

चौकटीची_वही
मी १०५ ना तारीख कळवते, १०५ ना नाही. आकडेमोड म्हणतील यातून काही सिद्ध होत नाही, पण फोन किती आले ते तरी मोजता येतील.