मदत हवी आहे: कॉम्प्रेशन मोजा गुडघ्याखाली गुंडाळला जातो

दिवसभर उभ्याने काम असल्याने माझ्या डाव्या पोटरीवर फुगीर, निळसर शिरा आल्या असून, डॉप्लर तपासणीनंतर डॉक्टरांनी २०–३० एमएमएचजी दाबाचे, गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे वापरण्यास सांगितले आहे. सकाळी सूज चढण्यापूर्वीच मी ते घालतो; तरीही दुपारपर्यंत वरची पट्टी गुंडाळत खाली येते आणि तिथे खोल वळ उमटतो. दाब घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी होत जाणारा असावा लागतो, त्यामुळे ही गुंडाळी उलट रक्त अडवत असावी, अशी शंका येते. घोटा आणि पोटरीचा घेर संध्याकाळी, पाय सुजलेला असताना मोजला गेला. टाचेपासून गुडघ्यापर्यंतची लांबी तर कोणी मोजलीच नाही. बोटे सुन्न किंवा गार पडत नाहीत. सकाळी पुन्हा माप देऊन आखूड लांबीचा मोजा घ्यावा, की मांडीपर्यंतचा योग्य ठरेल?