शब्दचर्चा: प्रश्नाचा ‘पंक्तिप्रपंच’ म्हणता येईल का?

अनघा (सांगली)
आम्ही काही शिक्षिका मिळून सातवीसाठी सराव परीक्षा काढतो. गणितात मी एक प्रश्न घातला होता: ‘गुऱ्हाळात एका आधणाला दहा किलोचे १८ रवे निघाले. गुळाचा दर क्विंटलला ४,००० रुपये असेल, तर एका आधणाचे किती रुपये झाले?’ उत्तर ७,२००. पलूसकडच्या मुलांनी चटकन सोडवला. शहरातली एरवी हुशार मुलं मात्र अडली. एकीने विचारलं, ‘बाई, रवा तर शिऱ्याला लागतो, मग गुळाचा कसा?’ गुळाची ढेप म्हणजे रवा आणि उसाच्या रसाची एक कढई म्हणजे आधण, हे तिला माहीतच नव्हतं; आधण म्हणजे भाताचं उकळतं पाणी, एवढंच तिला ठाऊक. गुणाकार तिला येत होता. मुलांना प्रश्न आपल्या मातीतला वाटावा म्हणून मीच तो घातला होता, त्यामुळे जास्त लागलं. सारख्याच तयारीच्या दोन गटांतल्या एकालाच जो प्रश्न जड जातो, त्याला काय म्हणावं? ‘भेदक प्रश्न’ चालेल?

विलास (कराड)
भेदक नको. बी.एड.ला आपण प्रश्नाची भेदनक्षमता शिकलो, म्हणजे तयारी असलेला आणि नसलेला विद्यार्थी वेगळा ओळखता येणं. तो प्रश्नाचा गुण आहे. तुम्ही सांगताय तो दोष आहे.

सुभाष (तासगाव)
मग सरळ ‘पक्षपाती’ म्हणा. ज्या प्रश्नात एका गटाला कमी मार्क, तो पक्षपाती. दोन्ही गटांची टक्केवारी काढली की कळतं.

मेधा (सातारा)
काका, नुसत्या टक्केवारीनं नाही कळत. एका गटाला शिकवणीच कमी मिळाली असेल, तर त्यांचे मार्क सगळ्याच प्रश्नांत कमी येतील. तो अन्याय शाळेतला असेल, पण त्या एका प्रश्नाचा दोष ठरत नाही. आधी सारख्या एकूण गुणांची मुलं एकत्र बसवायची, मगच तुलना करायची.

मला ‘पंक्तिप्रपंच’ सुचतो. एकाच पंगतीत एकाला तूप आणि दुसऱ्याला कोरडं, तो पंक्तिप्रपंच. वेगवेगळ्या पंगतींना वेगळं जेवण मिळालं, तर तो शब्द आपण वापरत नाही. इथे पंगत म्हणजे सारखे गुण.

अनघाताईंचाच प्रश्न घेऊ, आकडे मानलेले. वीसपैकी १२ ते १५ गुणांच्या पंगतीत गावाकडची ४० आणि शहरातली ४० मुलं. गावाकडच्या ३० जणांचं बरोबर, १० जणांचं चूक, म्हणजे तीनास एक. शहरातल्या २० जणांचं बरोबर, २० जणांचं चूक, म्हणजे एकास एक. गावाकडचं पारडं तिप्पट जड. वरच्या पंगतीत गावाकडे ३६ बरोबर आणि ४ चूक, शहरात ३० बरोबर आणि १० चूक. नवास एक आणि तीनास एक, पुन्हा तिप्पटच. मग सगळ्या पंगतींचं मिळून एक गुणोत्तर काढतात. ही रीत मँटेल आणि हेन्झेल यांनी १९५९ मध्ये रोगांच्या अभ्यासासाठी दिली, आणि १९८८ मध्ये हॉलंड आणि थेयर यांनी ती परीक्षांना लावली. गुणोत्तर १ आलं तर वागणूक सारखी. साधारण १.९ पटीच्या पुढे गेलं आणि तो निव्वळ योगायोग नाही असं दिसलं, की प्रश्न गंभीर गटात टाकतात.

रुपाली (वाई)
माझ्या मुलाच्या पेपरात सरकत्या जिन्यावर गणित आलं होतं. त्याने असा जिना कधी पाहिलाच नाही. गुण परत मिळायला अर्ज कुठे करायचा?

मेधा (सातारा)
ताई, हा हिशोब एका मुलाच्या उत्तरपत्रिकेसाठी नसतो, तो गटाच्या वागणुकीचा असतो. पण उदाहरण अगदी नेमकं दिलंत. इथे पारडं उलट्या बाजूला झुकतं.

विलास (कराड)
एक शंका आहे. एकूण गुणांत हा प्रश्नही धरलाय ना? पेपरात गुऱ्हाळाचे पाच प्रश्न असले, तर पंगतच चुकीची बसली.

मेधा (सातारा)
बरोबर. म्हणून पहिल्या फेरीत सापडलेले प्रश्न एकूण गुणांतून काढतात आणि पुन्हा पंगत बसवतात. तपासायचा प्रश्न मात्र त्याच्यापुरता एकूण गुणांत धरतात. पण सगळाच पेपर एका बाजूला झुकलेला असेल, तर ही रीत तो पकडू शकत नाही, कारण पंगत बसवायला दुसरं मापच नसतं. आणि आकडा फक्त बोट दाखवतो. तोच प्रश्न कृषी अभ्यासक्रमाच्या पेपरात असता, तर रवा ठाऊक असणं हीच परीक्षा ठरली असती. ते माणसांनी वाचून ठरवायचं.

सुभाष (तासगाव)
पटलं. पण पंक्तिप्रपंचात वाढणारा मुद्दाम हात आखडतो. अनघाने मुद्दाम कुठं केलं? शब्द तिच्यावर ठपका ठेवतो.

विलास (कराड)
मला ‘दुजाभाव’सुद्धा तसाच वाटतो. ‘असम वर्तन’ निर्दोष आहे, पण कोरडं.

मेधा (सातारा)
काकांचा आक्षेप खरा आहे. तरी पंगतीची कल्पना मला सोडवत नाही, कारण सारख्यांशी तुलना ही अट दुसऱ्या कुठल्या शब्दात येत नाही.

अनघा (सांगली)
आमची मुलं साठच आहेत, त्यामुळे आकड्यावर विसंबता येणार नाही ना?

मेधा (सातारा)
नाही. प्रत्येक गटात निदान दोनेकशे मुलं हवीत, नाहीतर दोन-चार उत्तरांनी सगळं फिरतं. आजूबाजूच्या शाळा जोडून घ्या.

अनघा (सांगली)
विचारते. पुढच्या वेळी चिठ्ठ्या टाकून निम्म्या मुलांना ‘रवे’ देते आणि निम्म्यांना ‘दहा किलोची १८ खोकी’. आकडे तेच, ‘आधण’ काढून ‘एका दिवशी’. शहरातली मुलं खोक्यांवर सुटली, तर अडचण शब्दाची होती.