गुडघ्यातली 'फट कमी झाली' : चांगलं की वाईट?

भुईकोट :
आत्याचा गुडघ्याचा एक्सरे काढला, रिपोर्ट अर्थातच इंग्रजीत. आत्या म्हणाली मला मराठीत लिहून दे, मी बसून वाचते. मी लिहिलं, "उजव्या गुडघ्याच्या मधल्या भागातली फट कमी झाली आहे, कडेला हाडाचे काटे आले आहेत, दर्जा २." आत्यानं वाचलं आणि खुश! म्हणे फट कमी झाली म्हणजे बरंच झालं की रे, दाराची फट बुजली तर गार वारं येत नाही. आणि दर्जा २ म्हणजे काय, दोन नंबरचा माल? ४० वर्षं मांडी घालून विड्या वळल्या, त्या गुडघ्याला दोन नंबर देता काय?
वर गंमत अशी की बारा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी परत एक्सरे काढायला लावला तर त्यात ग्रेड ३ आली. आता ती घाबरलीय, म्हणते बारा दिवसात एवढं झिजलं तर दिवाळीला काय उरणार. तर मला 'जॉइंट स्पेस', 'स्पर' आणि 'ग्रेड' ह्या तिन्हीला नीट मराठी शब्द सुचवा.

नीरक्षीर :
मराठीत शब्द आहेत, आपण वापरत नाही. सांधावकाश, अस्थिकंटक, श्रेणी. 'दर्जा' हा गुणवत्तेचा शब्द आहे, तो इथं चूकच. 'फट' तर ग्राम्य.

शेंगाचटणी :
सांधावकाश म्हटलं तर माझी सासू विचारेल कुठल्या ग्रहावर आहे ते 😀 आणि श्रेणी म्हणजे शाळेच्या प्रगतीपुस्तकातली अ श्रेणी ब श्रेणी, तिथं पहिली श्रेणी चांगली, इथंही पहिलीच चांगली, मग आत्याबाईंनी अभ्यास करून पहिलीत जायचं का?

पायरीपायरी :
ग्रेड चार असतात, म्हणजे सरळ हिशोब आहे, १ म्हणजे पाव झिजला, २ म्हणजे अर्धा, ३ म्हणजे पाऊण आणि ४ म्हणजे संपला. म्हणून 'टप्पा' म्हणा. माझ्या मोठ्या भावाला असंच सांगितलं होतं.

काळी फिल्म :
बावीस वर्षं एक्सरे काढतोय म्हणून चार ओळी जास्त लिहितो, माफ करा.
भुईकोट, आधी ते 'मधल्या भागातली' खोडा. रिपोर्टमधलं मेडियल म्हणजे मधला नाही, आतल्या अंगाचा. म्हणजे दोन्ही गुडघे एकमेकांकडे तोंड करतात ती बाजू. चालताना भार तिकडं जास्त पडतो म्हणून बहुतेकांची झीज तिथंच आधी दिसते.
आता फट. फिल्मवर दोन पांढऱ्या हाडांच्या मधे जी काळी पट्टी दिसते ती मोकळी जागा नाहीच ओ. तिथं कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर आहे आणि अर्धचंद्रासारखी गादी आहे, पण त्या एक्सरेत दिसत नाहीत, म्हणून रिकामं वाटतं. निरोगी गुडघ्यात आतल्या बाजूला ही पट्टी साधारण ४-५ मिलिमीटर भरते. ती बारीक झाली म्हणजे आतला थर पातळ झाला किंवा गादी जागेवरून बाहेर सरकली. आपण न दिसणारी वस्तू तिच्या जागेवरून ओळखतो, म्हणून 'फट' शब्दानं आत्यांची गल्लत झाली ती त्यांची चूक नाही.
आणि भुईकोट, एक सांगा, पहिला एक्सरे झोपवून काढला होता का?

भुईकोट :
हो! टेबलावर आडवं करून. दुसऱ्या वेळी उभं केलं होतं, आत्या म्हणत होती मला भिंतीला टेकून उभं केलं, फोटो स्टुडिओत केल्यासारखं.

काळी फिल्म :
मग झालं. आडवं असताना गुडघ्यावर भार नसतो, हाडं थोडी मोकळी राहतात, पट्टी रुंद दिसते. उभं राहिलं की अंगाचं वजन बसतं आणि थर खरोखर किती उरलाय ते दिसतं. गादीवर कुणी बसलं नाही तर गादी जाडच दिसणार. बारा दिवसात काही झिजलं नाही, पहिल्या फिल्मला दिसलं नव्हतं एवढंच. आत्यांना सांगा ग्रेड ही फिल्मची असते, गुडघ्याची नाही.

पायरीपायरी :
म्हणजे माझं पाव-अर्धं-पाऊण चूक?

काळी फिल्म :
अर्धं बरोबर, वाढत जाते हे खरं. पण समान पायऱ्या नाहीत. १९५७ साली केलग्रेन आणि लॉरेन्स ह्या दोघांनी ही मोजपट्टी ठरवली, तेही मँचेस्टरकडचे, म्हणजे आपल्या सोलापूरसारखा गिरण्यांचाच मुलूख. त्यांच्या मोजपट्टीत शून्यापासून मोजतात. १ म्हणजे नुसती शंका. २ ला हाडाची वाढ नक्की दिसते, पट्टी कमी झालीय का ह्याबद्दल मात्र 'असेल कदाचित'. ३ ला पट्टी नक्की कमी आणि वाढ जास्त ठिकाणी. ४ ला पट्टी फार थोडी, हाडाचा आकारही बिघडलेला. म्हणजे १ मधून २ मध्ये जायला वाढ दिसावी लागते, २ मधून ३ मध्ये जायला पट्टी. दोन वेगळ्या गोष्टी एकाच शिडीला टांगल्यात. म्हणून पट्टी बारीक पण वाढ अजिबात नाही असा गुडघा आला की वाचणाराही डोकं खाजवतो, आणि एकाच फिल्मला एक डॉक्टर २ म्हणतो, दुसरा ३.

मोदीखाना :
माझ्या गुडघ्याची ग्रेड ४ आहे, उजवा डावा दोन्ही. मी रोज सकाळी सिद्धेश्वरला चालत जाते, तलावाला चक्कर मारून येते. आणि आमची जाऊबाई ग्रेड २, जिना चढताना रडते. तेलानं वंगण भरून येतं का, कुणाला अनुभव आहे का?

शेंगाचटणी :
मावशी, तेलाचा धागा वेगळा काढा ओ, इथं शब्दांचं चाललंय.

काळी फिल्म :
मावशींचं उदाहरण इथलंच आहे. फिल्मवर दुखणं दिसत नाही. ऑपरेशन करायचं का हे नुसत्या आकड्यावर ठरवत नाहीत, किती दुखतंय, किती चालता येतंय हे बघतात. म्हणून 'टप्पा' मला नको वाटतो, टप्पा म्हटलं की पुढचा स्टॉप येणारच.

नीरक्षीर :
'अस्थिकंटक' वर कोणी बोललं नाही.

काळी फिल्म :
कारण काटा म्हटलं की लोक विचारतात कापून काढा की मग. तो टोचत फिरत नाही. हाडाच्या कडेला घागरीच्या ओठासारखा उंचवटा येतो, बाहेर वळलेला. इंग्रजीत पण ह्याला ओठ फुटणंच म्हणायचे.

अक्कलकोट रोड :
ह्या स्परला डॉक्टर ऑस्टिओफाइट म्हणतात, त्यातला फाइट ग्रीक आहे, त्याचा अर्थ रोप. हाडावरचं रोप! तर मग 'कोंब' म्हणा की. बटाट्याला येतो तसा. कंटकापेक्षा अस्सल.

नीरक्षीर :
कोंब वाढतो, फांदी होते. लोक घाबरतील.

अक्कलकोट रोड :
आणि काट्याला घाबरत नाहीत का!

शेंगाचटणी :
आमच्याकडं सरळ 'हाड वाढलंय' म्हणतात, सगळ्यांना कळतं.

पद्मनगरचा :
आमच्या घरी तेलुगू, गुडघ्याला मोकालु. शेजारचे कन्नड मोणकालु म्हणतात. दोन्हीत कालु म्हणजे पाय. मराठीतलं 'गुडघा' कुठनं आलं मग?

नीरक्षीर :
गुडघा कुठनं आला ते नक्की सांगता येत नाही. कोकणात ढोपरही म्हणतात.

मोदीखाना :
आमच्यात ढोपर फक्त पोरं पडल्यावर म्हणायचे. ढोपर फुटलं. म्हातारपणी गुडघाच.

भुईकोट :
ओ, माझं राहिलं. तूर्त कागदावर असं लिहिलंय : "आतल्या बाजूची गादी पातळ झाली आहे, कडेनं हाड वाढलं आहे, उभ्यानं काढलेल्या फोटोत ग्रेड ३." ग्रेडला शब्द सापडला नाही, तसाच ठेवला. आत्यानं वाचलं आणि विचारलं, उशी की गादी? म्हणे टीव्हीवर मणक्याच्या गादीचं ऐकलंय, माझी मणक्यातनं सरकून गुडघ्यात आली काय.

काळी फिल्म :
'कूर्चा' लिहून बघा.

शेंगाचटणी :
कूर्चा म्हणजे ती ब्रश असते ना, रंगाची?

नीरक्षीर :
तो कुंचला.