शब्दचर्चा: 'बेदाणा' हे हाकेचं नाव होऊ शकेल का?

आनंदवलीकर
एका शब्दाबद्दल विचारायचं आहे, आणि तो वापरावा कसा याबद्दलही. मला एक मुलगा आवडतो. खरं नाव लिहीत नाही, अनिकेत समजा. आम्ही अंबडला कामाला आहोत आणि तीन-चार जण त्याच्याच गाडीतून जातो. येताना शेवटची उतरणारी मी, त्यामुळे रोज थोडा वेळ आम्ही दोघंच असतो. त्याचं गाव निफाडकडे, घरची द्राक्षं आहेत, घरीच बेदाणा करतात. गाडीत पुढे एक स्टीलची डबी असते. सिग्नलला गाडी थांबली की तो झाकण उघडून डबी माझ्यासमोर धरतो, बोलत काहीच नाही.

मित्र त्याला 'अन्या' म्हणतात, घरी तो 'दादा' आहे. मला माझं एक नाव हवंय. 'अनी', 'अनू' मनात म्हणून पाहिलं, पण ती कुणाचीही असू शकतात. 'बेदाणा' मात्र डोक्यातून जात नाही. या शब्दाला काही वाईट छटा आहे का? आणि पहिल्यांदा म्हणायचं कसं, की घरून ठरवून आल्यासारखं वाटू नये?

सातपूरचा सम्या
नाव पाडायचं तर शेवटी 'या' लावायचा. पक्या, दिल्या, सच्या. 'बेदाण्या' म्हण, विषय संपला. फोनमध्ये त्याच नावाने सेव्ह कर आणि एक दिवस सहज स्क्रीन दाखव. त्याला कळेल.

जुनी पंचवटी
सम्या, तुमचं निरीक्षण अर्धं बरोबर आहे. 'या' लावून नावं होतात हे खरं, पण ती टोळक्याची नावं. 'पक्या' म्हणणारा मी त्याच्या बरोबरीचा आहे, एवढंच सांगतो. त्यात सलगी असते, हळुवारपणा नसतो. आनंदवलीकरताईंना नेमकं मित्रांपेक्षा वेगळं काहीतरी हवंय आणि 'अन्या'च्या शेजारी 'बेदाण्या' ठेवला तर दोन्ही एकाच कट्ट्यावरचे वाटतात.

मराठीत मायेचं खरं काम नपुंसकलिंग करतं. 'माझं सोनं', 'वेडं कुठलं', 'दमलं गं लेकरू'. मोठ्या माणसालाही आपण प्रेमाने 'ते' करून टाकतो. त्या वाटेने गेलं तर 'बेदाणा'चं 'बेदाणं' होतं: 'आलं का बेदाणं?' ऐकायला फार गोड आहे, पण आज नको. हे रूप आई वापरते, बायको वापरते, जिचा हक्क ठरलेला आहे ती वापरते. ओळख त्या टप्प्यावर यायच्या आत ते म्हटलं की समोरचा अवघडतो, कारण त्याला एकदम कडेवर घेतल्यासारखं होतं. तेव्हा सध्या साधा पुल्लिंगी 'बेदाणा'च बरा.

निफाडकर
ताई, बेदाणा म्हणजे बिनबियांची द्राक्षं सुकवून केलेला माल. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो. शेडमध्ये जाळीवर पंधराएक दिवस सावलीत वाळवतात, उन्हात टाकला तर रंग काळपट पडतो. बाजारात हा शब्द एकवचनीच चालतो. 'यंदा बेदाणा बरा गेला' असंच म्हणतात, भले दहा टन असो. शब्द फारसीतून आलाय, बे म्हणजे नसलेला, दाणा म्हणजे बी. वाईट छटा काही नाही. घ्यायचा असेल तर दाबून बघा, चिकट लागला तर ओल राहिलीय.

आनंदवलीकर
दादा, विकत नाही घ्यायचा :) पण एकवचनाचं माहीत नव्हतं, आभार.

इंदिरानगरच्या काकू
छटेबद्दल मी सांगते. गोष्ट माहीत नसलेल्या माणसाच्या कानाने एकदा ऐकून बघ. बेदाणा म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं ते सुकलेलं, सुरकुतलेलं, बारीक. तुझा अनिकेत अंगाने किरकोळ असेल आणि लहानपणी त्याला 'काडी', 'सुक्या' असलं काही चिडवलेलं असेल, तर त्याला डबी आठवणारच नाही, शाळेतली पोरं आठवतील. शरीराला लागणारं नाव मायेनेही म्हणू नये. आधी त्याला काय काय चिडवायचे ते गप्पांत काढून घे.

दुसरं म्हणजे नाव ठेवून घेणाऱ्याचीही एक बाजू असते. माझं लग्न झालं तेव्हा ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नव्हतं. सासरी सगळे त्या नावाने प्रेमानेच हाक मारायचे, पण मला कित्येकदा ओ द्यायचं सुचायचं नाही. वेळ लागायचा, आणि त्या वेळाचा लोकांना राग यायचा. नंतर यजमानांनी एकांतात माहेरच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा कुठे मला ते माझे वाटले. म्हणून सांगते, तो चटकन ओ देतोय की नाही, ते बघ.

आनंदवलीकर
काकू, हे मनात आलंच नव्हतं. तो बारीक आहेच. चिडवण्याचं काढून घेते. तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही.

कॉलेजरोडवरची
माझ्या बाबतीत उलटं झालं. एकाला मी 'वळसा' म्हणायचे, कारण मला घरी सोडताना तो मुद्दाम सोमेश्वरवरून वळसा घालून यायचा. दोघांतलं होतं तोवर छान होतं. मग एकदा ग्रुपमध्ये तोंडातून निघून गेलं आणि आठवड्याभरात सगळे त्याला 'वळश्या' म्हणायला लागले. त्यांना वाटलं तो बोलताना विषय फिरवतो म्हणून. त्यानंतर मला तो शब्द उच्चारवेना. तो अजून मित्र आहे, पण ते नाव गेलं ते गेलंच. त्यामुळे फोनमध्ये सेव्ह करून दाखवायचा सल्ला मला पटत नाही. स्क्रीन शेजारचाही बघतो.

जुनी पंचवटी
कॉलेजरोडताईंचं उदाहरण मोलाचं आहे. बघा, 'वळसा' लोकांच्या तोंडी गेल्याबरोबर 'वळश्या' झाला, म्हणजे टोळक्याने त्याला आपला प्रत्यय लावून घेतला. तरी माझ्या मते त्यांनी शब्द योग्य जागेवरून उचलला होता. जी नावं माणूस कसा दिसतो यावरून पडतात, ती सलतात. जी दोघांत काय घडलं किंवा काय नातं आहे यावरून पडतात, ती टिकतात. आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी 'कुसुमाग्रज' हे नाव घेतलं ते धाकट्या बहिणीवरून, कुसुमचा अग्रज म्हणून. त्यात त्यांच्या रूपाचा किंवा गुणाचा एकही शब्द नाही, फक्त नातं आहे. तुमच्या 'बेदाण्या'तही डबी पुढे धरणारा हात आहे, आणि मला त्याच कारणासाठी तो आवडला.

आता म्हणायचं कसं. पहिल्या वेळी डबी समोर असावी. शब्द वस्तूबद्दल आहे की माणसाबद्दल हे थोडं धूसर राहू द्यायचं, म्हणजे त्याला तो घेण्याची किंवा सोडून देण्याची मोकळीक राहते. डबी रिकामी दिसली तर 'आज बेदाणा रुसला वाटतं' असं काहीतरी. हसला तर हसला, नाहीतर डबीबद्दलच बोललात. पुढे थेट हाक मारायची वेळ आली की नाव वाक्याच्या तोंडाशी ठेवू नका. 'बेदाणा, ऐक ना' यात शब्दावरच सगळा भार येतो आणि तो तुम्ही घरून आणल्याचं कळतं. मराठीत जवळिकीची हाक शेवटी येते, 'रे'च्या सोबतीने: 'कुठवर आलास रे, बेदाणा?' प्रश्न खरा असतो, त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाव मागून हळूच येतं. त्यानंतर दोन-चार दिवस ते नाव घेऊच नका. रोज म्हटलं की त्याची जाहिरात होते. आणि 'हे नाव मी का ठेवलं माहितेय?' हे तर कधीच नको.

सातपूरचा सम्या
सर, पण 'कुठवर आलास रे' नंतर 'बेदाण्या'च येईल ना? घोडा, 'अरे घोड्या'. हाकेत 'या' होतोच, म्हणजे माझंच बरोबर.

जुनी पंचवटी
चांगला मुद्दा काढलात. सामान्यनाम असेल तर 'बेदाण्या'च होईल. पण काका, मामा, दादा यांचं काय होतं पाहा. 'घोड्याला' म्हणतो, पण 'काक्याला' नाही म्हणत, 'काकाला' म्हणतो. हाकेतही 'अरे काका'. माणसाला चिकटलेला शब्द बदलायचा थांबतो. म्हणूनच मी वर मुद्दाम 'रे, बेदाणा' लिहिलं. हीच तुमची पारखही होईल, आनंदवलीकर. तो स्वतःबद्दल कधी 'बेदाणाला आज उशीर होईल' असं लिहून गेला, तर शब्दाचं नाव झालं. 'बेदाण्याला' म्हणाला, तर तो अजून मालाबद्दल बोलतोय किंवा गंमत करतोय.

इंदिरानगरच्या काकू
आणि त्याने काहीच केलं नाही तर? नुसता हसायचा इमोजी टाकला आणि पुढच्या मेसेजात आणखीच अदबीने बोलायला लागला, तर थांब बाई. तेही उत्तरच असतं. मग पुन्हा 'अनिकेत'वर येताना चेहरा पाडू नकोस, म्हणजे गाडीतला शेजार तरी मोकळा राहील.

कॉलेजरोडवरची
एकदा गप्प राहिला तर लगेच सोडू नको गं. गाडी चालवताना लोक निम्मं ऐकतच नाहीत. खरी खूण म्हणजे तो तुला उलट एखादं नाव देतो का.

आनंदवलीकर
सगळ्यांचे आभार. थोडी प्रगती सांगते. गावाकडच्या गप्पा काढल्या. शाळेत त्याला आडनावावरून चिडवायचे, अंगावरून नाही, त्यामुळे काकूंची भीती निदान त्या बाजूने मिटली. मग परवा संध्याकाळी त्र्यंबक रोडला गाडी थांबली, डबीत तळाला चार-पाचच उरले होते, तेव्हा सरांचं वाक्य जवळजवळ तसंच म्हटलं: 'बेदाणा रुसलाय आज.' त्याने डबीत बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, 'रुसला नाही, वाट बघतोय.' पुढे आमचे दोघांचेही शब्द संपले.

काल रात्री त्याचा मेसेज आला: 'उद्या बेदाणा येणार नाही, तू रिक्षाने जा.' आज तो खरंच रजेवर होता. पण डबीही गाडीसोबत राहिली ना! हे त्याने स्वतःबद्दल लिहिलं असं धरू का?

निफाडकर
आमच्याकडे सध्या घरोघरी काम चालू आहे, रजा त्यासाठीच असेल. माल यायचा नसेल तरी वाक्य असंच येतं. 'उद्या बेदाणा येणार नाही.' मी रोज बोलतो.

जुनी पंचवटी
'येणार'वरून लिंगही कळत नाही आणि वचनही. शिवाय निफाडकर म्हणतात तसा माल एकवचनी. वाक्य दोन्हीकडे बसतं. पण 'तू रिक्षाने जा' हे जोडवाक्य मालाबद्दल असेल असं मला वाटत नाही. उत्तरात विभक्ती येईल असा प्रश्न विचारून बघा: 'मग परवा कुणाला यायला जमेल?'

सातपूरचा सम्या
सर, तुमची कसोटी आमच्या घरी फेल जाईल. आमच्यात पिंटा नावाचा भाऊ आहे, त्याला सगळे 'पिंट्याला' म्हणतात, आणि तो माल नाही. 'बेदाण्याला जमेल' असं आलं, तरी ताईंनी हो समजावं.

इंदिरानगरच्या काकू
सम्याचं हे मला पटतं. आमच्याकडेही 'बाळ्याला'च म्हणायचे.