मदत हवी आहे: क्वेबेकच्या फ्रेंचमधलं 'दिने' म्हणजे लंच की डिनर?

पुणेरी_अनुवाद: मी फ्रेंच शिकले ती पॅरिसची, आणि आता मॉन्ट्रियलच्या एका माणसाचा इन्शुरन्स क्लेमचा जबाब इंग्रजीत करतेय. त्यात वाक्य आहे, 'दिने'नंतर मी माझी 'शार' 'देपानर'कडे ठेवली. 'शार' म्हणजे फ्रान्समध्ये रणगाडा, इथे गाडी, तेवढं संदर्भावरून कळलं. मी लिहिलं की डिनरनंतर गाडी मेकॅनिककडे ठेवली. एजन्सीने परत पाठवलं, कारण पोलीस रिपोर्टमध्ये वेळ दुपारी १२:४० आहे. काय चुकलं?

माँट्रियलकर: दोन्ही शब्द चुकलेत. क्वेबेकमध्ये सकाळी 'देजने', दुपारी 'दिने', रात्री 'सुपे'. आणि 'देपानर' म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, दूध-ब्रेड-बिअर मिळतं ते. दुसरी चूक जास्त महाग पडेल, कारण तुझ्या इंग्रजीवरून वाटतं की गाडी आधीच बिघडलेली होती आणि क्लेम त्यावरच अडकू शकतो.

कोल्हापूरचा_राजू: मग सोपंय की, कॅनडाची फाइल आली की 'दिने'ला सरळ लंच करून टाकायचं.

माँट्रियलकर: नाही हो राजूभाऊ, पत्त्यावर जाऊ नका, बोलणारा कुठला ते बघा. मॉन्ट्रियलमध्ये फ्रान्सहून आलेले खूप लोक राहतात आणि त्यातले बरेच रात्रीच्या जेवणालाच 'दिने' म्हणतात. त्याच जबाबात 'सुपे' सापडलं तर दिने दुपारचंच. सकाळच्या नाश्त्याला 'पती देजने' म्हटलेलं दिसलं तर मात्र सावध व्हा, माणूस बहुतेक फ्रान्सचा.

स्मिता_ब्रसेल्स: आमच्याकडे पण दिने दुपारीच! पण मला त्रास झाला 'सावार'चा. एका ईमेलमध्ये बाईंनी लिहिलं होतं की मला उद्या यायला 'सावार' नाही, मी इंग्रजीत केलं की कसं यायचं ते माहीत नाही, आणि समोरच्याने त्यांना नकाशा पाठवला 😔 बेल्जियममध्ये त्याचा अर्थ जमणार नाही असा होतो.

पुणेरी_अनुवाद: दुसऱ्या पानावर 'सुपे' सापडलं! म्हणजे लंच नक्की. पण देपानरला इंग्रजीत काय लिहू?

माँट्रियलकर: वाचणार कोण? इथले इंग्रजी बोलणारे देपानरच म्हणतात, नुसतं 'डेप'सुद्धा. टोरंटोच्या ऑफिसला जाणार असेल तर कन्व्हिनियन्स स्टोअर. आणि 'तांतो' आलंय का बघ, ते मघाशी पण असतं आणि थोड्या वेळाने पण, क्रियापदाचा काळ बघून ठरव.

पुणेरी_अनुवाद: टोरंटोलाच जाणार आहे. तांतो एकदा आलंय पण क्रियापदाशिवाय, नुसतं 'तांतो, दुकानासमोर'. तिथे टीप टाकू का?

स्मिता_ब्रसेल्स: जबाबात टीप नको गं, एजन्सीला विचार.

माँट्रियलकर: मी तर टाकेन. दोन्ही अर्थ लिहून मोकळी हो, वेळ कुठली ते क्लेमवाले त्या माणसालाच विचारतील.