उद्या बीजगणित: बी विंगच्या ग्रुपवर रात्री झालेली चर्चा

मनीषा (बी-३०४): नमस्कार मंडळी. उद्या आर्याचा बीजगणिताचा पेपर आहे, अकराचा. मराठीच्या पेपरला सकाळी सातला दोन आलू पराठे खाऊन गेली होती. पहिला तास जड जड गेला आणि शेवटी शेवटी भुकेने डोकं दुखायला लागलं म्हणाली. उद्या काय द्यायचं, किती वाजता द्यायचं? ज्यांच्याकडे दहाव्या होऊन गेल्यात त्यांनी सांगा ना.

सुनील (बी-१०२): साबुदाण्याची खिचडी द्या वहिनी, तूप-दाण्याचं कूट घालून. दुपारपर्यंत भुकेचं नाव नाही.

वैशाली (बी-६०१): भाऊजी, भूक लागणार नाही हे खरं, पण पोरगी पेंगेल त्याचं काय 😄 माझ्या दोघांच्या दहाव्या झाल्या, त्यातून सांगते. पराठ्यापेक्षा घोळ वेळेचा होता. सातला खाल्लं, पेपर अकराला, सुटला दोन वाजून दहा मिनिटांनी. म्हणजे सात तास मध्ये काही नाही. मी दोन वेळा द्यायचे. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने थोडंसं, म्हणजे एक केळं किंवा दोन खारका आणि अर्धा कप दूध. मग पावणेनऊ ते नऊच्या दरम्यान खरा नाश्ता. मऊ उपमा, दोन-तीन इडल्या किंवा वाटीभर पोहे. पोह्यात तेल नेहमीपेक्षा कमी आणि हिरवी मिरची नको, फोडणीत नुसती हळद-मोहरी. माझ्या धाकट्याला तर गुरगुट्या भात, वरण, तूप एवढंच चालायचं, तेच दिलं.

मनीषा (बी-३०४): तिला सकाळी मळमळतं हो, पेपरच्या दिवशी घास उतरत नाही.

वैशाली (बी-६०१): मग मागे लागू नकोस. अर्धी इडली खाल्ली तरी चालेल. राजगिऱ्याचा लाडू एका डबीत दे, रिक्षात किंवा शाळेच्या आवारात साडेनऊ-दहाला खाईल. उपाशी मात्र पाठवू नकोस. आणि उद्या नवीन काही प्रयोग नको. ती एरवी जे खाते त्यातलंच हलकं दे. कोणीतरी सांगितलं म्हणून उद्याच पहिल्यांदा बदाम-दूध पाजलं आणि पोट बिघडलं, असं नको व्हायला.

अवधूत (बी-४०३): कॉफी द्यायची का? जाग येते.

वैशाली (बी-६०१): रोज पीत असेल तर नेहमीचा कप द्या. रोज पीत नसेल तर नको. छातीत धडधड होते, त्यालाच पोरं घाबरणं समजतात. शिवाय पेपर चालू असताना बाथरूमला जायची पाळी येते. पाणीसुद्धा निघताना गटागटा बाटलीभर नको. सकाळपासून घोट घोट प्यायचं आणि वर्गात जायच्या आधी एकदा बाथरूमला जाऊन यायचं. ती रांग मोठी असते, तेवढी वेळ धरा.

देशपांडे सर (बी-२०१): वैशालीताईंनी खाण्याचं बरोबर सांगितलं. मी अभ्यासाचं सांगतो, कारण परवा लिफ्टमध्ये आर्याच्या हातात दोन गाईडं पाहिली.

उद्याचा पेपर ४० गुणांचा, दोन तासांचा. अकराला सुरू, शेवटी दहा मिनिटं जादा, म्हणजे एक वाजून दहा मिनिटांनी सुटेल. साडेदहापर्यंत वर्गात बसायचं आहे. म्हणजे घरी सकाळ मोठी मिळते, आणि ही मोठी सकाळच मुलांना खाते. चार वाजता उठवून पाच तास गणितं सोडवून घेणारे पालक मी पाहिलेत. मूल अकराला वर्गात येतं तेव्हाच ते दमलेलं असतं. रात्री साडेदहाला दिवा बंद, सकाळी सहाला उठा. आंघोळ, ते केळं, आणि सव्वासात ते आठ एवढीच उजळणी. त्यानंतर वह्या बंद.

सुनील (बी-१०२): सर, पाऊण तासात सहा प्रकरणं कशी व्हायची?

देशपांडे सर (बी-२०१): व्हायची नाहीतच. प्रकरणं कालपर्यंत झाली. उद्याचा पाऊण तास फक्त सूत्रांचा, आणि तोही वाचून नाही.

आर्याला एक कोरा कागद दे मनीषा. वही मिटून तिने सगळी सूत्रं आठवून लिहायची. अंकगणिती श्रेढीचं `tn = a + (n − 1)d`, मग `Sn`, वर्गसमीकरणाचं सूत्र, क्रेमरचे `D`, `Dx`, `Dy`, मध्यकाचं, बहुलकाचं, वृत्तालेखातल्या केंद्रीय कोनाचं. लिहून झालं की वहीशी ताडून पाहायचं आणि चुकलेलीच तेवढी लाल पेनाने दुरुस्त करायची. वाचत बसलं की सगळं येतंय असं वाटतं. लिहायला घेतलं की कुठे अडतंय ते दिसतं.

बहुतेक वेळा कुठे अडतं तेही सांगतो. मध्यक:

`L + ((N/2 − cf) / f) × h`

यातला `cf` हा मध्यकीय वर्गाच्या आधीच्या वर्गाची संचित वारंवारता. `f` मात्र मध्यकीय वर्गाचीच. मुलं दोन्ही एकाच ओळीतून उचलतात. सूत्र पाठ असतं, उत्तर चुकतं. त्या कागदावर `cf` खाली पेन्सिलीने 'आधीची ओळ' एवढं लिहून ठेवा.

मग हात चालू व्हायला एकच गणित, आधी सोडवलेलं. उदाहरणार्थ 2x² − 7x + 3 = 0. इथे b आहे −7, म्हणून −b होतो +7. सगळी गडबड या चिन्हात होते. b² − 4ac = 49 − 24 = 25, वर्गमूळ 5, मुळं (7 + 5)/4 आणि (7 − 5)/4, म्हणजे 3 आणि 1/2. पाच मिनिटांचं काम. नवीन गणित अजिबात नाही. सुटलं नाही तर तेवढंच डोक्यात घेऊन मूल पेपरला बसतं.

मनीषा (बी-३०४): सर, स्क्रीनशॉट काढून ठेवला. पण गाईडमधले सराव प्रश्न?

देशपांडे सर (बी-२०१): गाईडं आत्ता कपाटात. किल्ली तुझ्याकडे.

अवधूत (बी-४०३): *फॉरवर्ड: 📢📢 उद्याचे बीजगणित अति-अति-संभाव्य प्रश्न!! १०० टक्के खात्री!! लगेच डाऊनलोड करा 👇*

अवधूत (बी-४०३): रोहनच्या क्लासच्या ग्रुपवरून आलंय, म्हटलं आर्यालाही होईल.

अंजली (ॲडमिन): अवधूतभाऊ, डिलीट केलंय, रागावू नका. असल्या पोस्ट परीक्षा संपेपर्यंत इथे नकोत.

अवधूत (बी-४०३): अहो चांगल्या हेतूने टाकलं होतं. आणि एक सांगू का, रोहनला मित्रांशी बोललं की बरं वाटतं. गेटवर सगळे मिळून रिव्हिजन करतात, त्यात वाईट काय?

देशपांडे सर (बी-२०१): हेतू चांगलाच आहे हो. पण गेटवर काय बोलतात ते मी वर्षानुवर्षं पर्यवेक्षक म्हणून ऐकलंय. तिथे रिव्हिजन होत नाही. तिथे 'तू अमुक केलंस का?' एवढा एकच प्रश्न फिरत असतो.

एका वर्षीचं सांगतो. एक मुलगा गेटवर शांत उभा होता. मित्र आला, म्हणाला, 'वृत्तालेख शंभर टक्के आहे, कोनाचं सूत्र केलंस ना?' याला ते येत होतं. पण असं अचानक विचारल्यावर क्षणभर आठवेना. लगेच दप्तरातून पुस्तक काढलं, पानं उलटायला लागला, तेवढ्यात घंटा झाली. वर्गात उत्तरपत्रिका मिळाली, पहिल्या पानावर बैठक क्रमांक लिहायचा, तर त्यातही खाडाखोड केली. पेपर हातात आल्यावर पहिला प्रश्न वाचायच्या आधी पान उलटून वृत्तालेख शोधत बसला. दहा मिनिटं अशीच गेली. घटकाची किंमत भागिले एकूण, गुणिले ३६०, एवढंच ते सूत्र. आपसूक आठवलं असतं.

ज्या मुलाला बोलल्याने खरंच बरं वाटतं त्याने बोलावं, पण पेपरबद्दल नको. क्रिकेटचं बोला, सुट्टीत गावी कधी जाणार ते बोला.

स्नेहा (बी-५०२): मी मागच्या वर्षीच दहावी दिली, मी बोलू का? 🙋‍♀️ मित्रमैत्रिणींना तोंडावर 'बोलू नका' म्हणता येत नाही, शिष्ट वाटतं. मी आदल्या रात्रीच मेसेज टाकायचे की सकाळी फोन बंद असेल, पेपरनंतर भेटू. आणि गेटवर नऊला जाऊन उभं राहायचंच नाही. दहा-सव्वादहाला पोचलं की बैठक क्रमांकाचा वर्ग बघायचा, बाथरूम, आणि सरळ आत. कोणी विचारलंच 'झालं का सगळं?' तर 'जेवढं झालं तेवढं झालं' म्हणून हसायचं आणि पाणी प्यायला जायचं. पाण्याची बाटली फार कामाला येते 😂

आणि पेपर सुटल्यावर उत्तरं जुळवत बसू नका. लगेच दुसरा पेपर भूमितीचा असतो. एक चुकलेलं कळलं की संध्याकाळ त्यातच जाते.

मनीषा (बी-३०४): स्नेहा, किती छान सांगितलंस गं. आर्या शेजारीच बसून वाचतेय, पाण्याच्या बाटलीला हसली.

अंजली (ॲडमिन): सगळ्यांना एक सूचना, उद्या टाकीची सफाई आहे, सकाळी ७ ते १० पाणी बंद.

वैशाली (बी-६०१): अंजली!!! उद्याच??

देशपांडे सर (बी-२०१): अंजलीताई, विंगमध्ये दहावीची दोन मुलं आहेत. सफाई साडेदहानंतर नाही का होणार?

अंजली (ॲडमिन): थांबा, माणसाला फोन करते.

अंजली (ॲडमिन): अकरानंतर येतो म्हणाला. बाकीच्यांनी त्याआधी बादल्या भरून ठेवा, आणि नंतर तक्रार करू नका 🙏

अवधूत (बी-४०३): धन्यवाद ताई. मनीषावहिनी, आर्या आणि रोहनचं सेंटर एकच आहे, रिक्षा एकच करायची का? मी सोबत येतो. दोघांना पेपरचं बोलू देणार नाही, सरांना शब्द.

मनीषा (बी-३०४): चालेल भाऊजी. नऊ पन्नासला गेटवर. सेंटर वीस मिनिटांवर आहे, पण स्टेशनकडे सकाळी कोंडी असते.

देशपांडे सर (बी-२०१): नऊ चाळीसला निघा. वेळ उरली तर रिक्षातच बसून राहा. आणि हॉल तिकीट ज्याचं त्याच्या पाऊचमध्ये, दोन निळी पेनं, पेन्सिल, पट्टी, साधं घड्याळ. स्मार्टवॉच घरी. कॅल्क्युलेटर चालत नाही, तोही घरीच.

अवधूत (बी-४०३): रोहनकडे साधं घड्याळच नाही!

सुनील (बी-१०२): माझं जुनं आहे, पट्टा जरा ढिला आहे. सकाळी आठला आणून देतो. खिचडी नाही तर नाही, घड्याळ तरी घ्या 😄