जर्मनीतला भाडेकरार: डिपॉझिट, लियन, नोटीस. ज्यांनी भोगलंय त्यांनी सांगा

आर्णीचा बाप

नमस्कार मंडळी. लेक लाइपझिगला शिकायला गेली आहे. खोली मिळाली आणि कराराचे अकरा फोटो व्हॉट्सॲपवर आले. सोबतच्या मुलाने त्याचं इंग्रजी करून दिलं. मी कृषी केंद्र चालवतो, भाड्याच्या गोदामाचे करार पाहिलेत, पण इथे तीन जागी अडलो. डिपॉझिट १,५९० युरो लिहिलंय, भाडं ५३० आहे. एका कलमात भाडेकरूच्या सामानावर मालकाचा लियन आहे, म्हणजे काय? तिची आई तेव्हापासून म्हणते, "लॅपटॉप उचलून नेतील बरं." तिसरं, नोटीस तीन महिन्यांची. सही अजून केलेली नाही. तिथे राहून आलेल्यांनी आपापला अनुभव लिहावा.

दर्यापूरची ताई

दादा, मी नऊ वर्षं तिकडे होते. तीन घरं बदलली.

आधी त्या ५३० ची फोड बघा. करारात दोन आकडे असतील. नुसत्या जागेचं भाडं, त्याला काल्टमीटे म्हणतात, आणि पाणी, हीटिंग, कचरा, जिन्यातला दिवा वगैरेचा आगाऊ खर्च. डिपॉझिटला काउत्सिओन म्हणतात. त्याची मर्यादा तिथल्या कायद्यात तीन महिन्यांची आहे, पण ती नुसत्या जागेच्या भाड्यावर.

आर्णीचा बाप

बघितलं. ४२० आणि ११०.

दर्यापूरची ताई

मग तीनदा ४२० म्हणजे १,२६०. त्यांनी ५३० ला तीनने गुणलंय. ३३० युरो जास्तीचे. पुष्कळदा मुद्दाम नसतं, पण सहीच्या आधी दुरुस्त करून मागा.

दुसरं, ही रक्कम एकदम द्यावी लागत नाही. सारख्या तीन महिन्यांच्या हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पहिला हप्ता राहायला आल्यावर. तिचे पैसे ब्लॉक्ड अकाउंटमध्येच असतील ना? त्यातून महिन्याला ९९२ सुटतात. पहिल्या महिन्याचं भाडं ५३० आणि हप्ता ४२०, झाले ९५०. हातात ४२ युरो उरतात. पहिल्या महिन्याच्या किराण्यासाठी वेगळे पैसे पाठवा. मी पहिला महिना पास्ता आणि आईच्या मेतकुटावर काढला, पण ते जाऊ द्या.

घाटंजीचा काका

लियन म्हन्जे मले मालूम हाय. आमच्या पोट्टीच्या लोनसाठी बँकेनं माह्या एफडीवर लियन मारला होता. पैसा माहाच, व्याज भी मलेच, पन लोन फिटेपर्यंत मोडता येत नाई. तसंच असंन हे. भेव कायचं? फक्त पोट्टीले सांगा का तिची एफडी तिकडं दाखवू नको.

दर्यापूरची ताई

काका, एफडीचा इथे संबंध नाही, पण तुम्ही म्हणता तशी गोष्ट तिकडे खरंच असते. काही मालक रोख डिपॉझिट न घेता भाडेकरूच्या नावाने बचत खातं उघडायला लावतात आणि ते खातं त्यांच्याकडे तारण राहतं. पैसे तिचे, पण मालकाने सोडल्याशिवाय निघत नाहीत. हा एक लियन, आणि तो बरा. मालक बुडाला तरी पैसे वेगळे राहतात. रोख दिलं तरी मालकाने ते स्वतःच्या पैशांत मिसळायचं नसतं.

दादांच्या करारातला लियन दुसरा आहे. तो कलमात लिहिला नाही तरी कायद्यानेच असतो, म्हणून ते कलम खोडा म्हणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे गोदामाचं भाडं थकलं की गोदामवाला "आधी हिशोब करा, मग पोती हलवा" म्हणतो, त्याच्या जवळचं. फरक असा की गोदामात माल त्याच्या ताब्यात असतो. इथे सामान तिच्याच खोलीत, तिच्याच वापरात. भाडं थकलं असेल आणि ती सामान बाहेर काढायला लागली, तर मालक अडवू शकतो. भाडं वेळेवर जात असेल तर तो हक्क कागदावर पडून राहतो. तिच्या मागे खोलीत शिरून वस्तू नेणं त्यात बसत नाही. शिवाय रोजच्या गरजेच्या वस्तू त्यातून सुटतात: कपडे, पलंग, अभ्यासाला लागणारा लॅपटॉप. मैत्रिणीची सायकल तिच्या खोलीत असली तर तिच्यावरही हक्क नाही, कारण ती भाडेकरूची नाही. वहिनींना सांगा, लॅपटॉप सुरक्षित आहे.

कारंजा लाड

नोटिशीचं एवढं मनावर घेऊ नका. मध्येच सोडायचं झालं तर तीन नवे भाडेकरू शोधून द्यायचे. मालकाला त्यातला एक घ्यावाच लागतो आणि आपण मोकळे. माझा मित्र असाच सुटला.

पुसद ते श्टुटगार्ट

तुमच्या मित्राचा मालक भला होता एवढंच. तीन माणसांचा असा नियम नाही, पण सांगतात सगळे. मीही नोटीस हलक्यात घेतली आणि फसलो.

मला सप्टेंबरअखेर खोली सोडायची होती. हिशोब असा आहे की जुलैच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत नोटीस मालकाच्या हातात पडली तर ३० सप्टेंबरला करार संपतो. मी २ जुलैला ईमेल केला. मालकाचं उत्तर आलं, "मिळाला, धन्यवाद." मी निवांत. आठवड्याने दुसरं पत्र: ईमेल चालत नाही, कागदावर शाईची सही हवी. मी त्याच दिवशी पत्र टाकलं, ते पोचलं ११ जुलैला. झालं, करार ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबला. मी दुसऱ्या गावी आणि रिकाम्या खोलीचं महिनाभराचं भाडं माझ्या डोक्यावर.

तेव्हापासून मी पत्र मालकाच्या पत्रपेटीत स्वतः टाकतो, सोबत एक मित्र असतो, आत काय आहे ते त्याला आधी वाचायला देतो. पोस्टाच्या शिक्क्याची तारीख धरत नाहीत, पोचल्याची धरतात.

आर्णीचा बाप

कामाच्या दिवसांत शनिवार धरायचा का?

पुसद ते श्टुटगार्ट

मी धरला नव्हता.

दर्यापूरची ताई

नोटिशीसाठी मधला शनिवार धरतात, तिथल्या वरच्या कोर्टाने तसं सांगितलंय. म्हणजे दिवस तुम्हाला वाटतो त्याच्या आधीच संपतो. पण तिसरा दिवसच शनिवारी आला तर काय, ते त्या निकालात मोकळंच ठेवलं होतं. मी नेहमी मागच्या महिन्यातच पत्र टाकायची. आणि दादा, करारात ठरावीक मुदतीआधी नोटीस देणार नाही असं वाक्य आहे का, तेवढं शोधा. ते असेल तर तीन महिन्यांचा हिशोब नंतर सुरू होतो.

दिग्रसची आई

आमच्या मुलाचं डिपॉझिट अजून अडकलंय. खोली सोडली, चाव्या दिल्या, भिंतींचे फोटो काढले, आणि परत येताना तिथलं बँक खातं बंद केलं. मालक म्हणतो हीटिंगचा वर्षाचा हिशोब झाला की उरलेले पाठवतो, पण पाठवणार कुठे? सहा महिने होत आले. इथल्या खात्यावर पाठवायला तो तयार नाही.

दर्यापूरची ताई

ताई, हिशोबापुरती थोडी रक्कम तो ठेवू शकतो, सगळी नाही. चाव्या देताना खोलीची पाहणी करून दोघांच्या सहीचा कागद केला होता का?

दिग्रसची आई

मुलाला विचारते. तो म्हणतो मालकाने "सब गुड" म्हटलं होतं, तोंडीच.

आर्णीचा बाप

लेकीशी बोललो. १,२६० आणि तीन हप्ते, असं तिने मालकाला लिहिलंय, उत्तर यायचंय. ते वाक्यही सापडलं, अकराव्या फोटोत, सहीच्या अगदी वर: पहिलं एक वर्ष नोटीस देता येणार नाही. तिचा कोर्स दोन वर्षांचा आहे, पण पहिल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप दुसऱ्या शहरात लागली तर काय, ते आता ती घरमालकाला विचारते आहे.

घाटंजीचा काका

आन लॅपटॉपचं वहिनीले सांगतलं का नाई?